‘fukat’ शब्दामुळे पोस्ट उडाली, माणसापर्यंत तक्रार कशी पोचवू?

मदत हवी आहे. दहावीची जुनी पुस्तकं द्यायची म्हणून मी सोशल मीडियावर रोमन लिपीत लिहिलं होतं: `Pustaka fukat dyaychi aahet`. मिनिटभरात पोस्ट गायब, कारण दिलं ‘अश्लील भाषा’. माझा अंदाज, fukat मधली पहिली तीन अक्षरं इंग्रजी शिवीसारखी वाचली गेली. तेच वाक्य देवनागरीत टाकलं तर अजून टिकून आहे.

फेरतपासणीचं बटण दाबलं, तर काही सेकंदांत ‘निर्णय कायम’. इतक्या लवकर माणूस वाचणार कसा? शिवाय त्या बटणात आपलं म्हणणं लिहायला जागाच नव्हती.

आता कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिणार आहे. पोस्टची लिंक, नोटिशीचा स्क्रीनशॉट, देवनागरीतलं वाक्य आणि शब्दाचा अर्थ जोडतेय. त्यांचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर जाता येतं, हे माहीत आहे.

या वाटेनं कुणी गेलंय का? अधिकाऱ्याकडून खरंच माणसाचं उत्तर आलं का? मराठी वाचणाऱ्याकडेच तपासणी द्या, असं मागितलं तर ऐकतात का? तुमच्या तक्रारीचा मजकूर इथे टाकलात तर फार उपकार होतील. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तकं पोचायला हवीत.