प्रतिसाद: लॉगबुकातील वाचन आणि लिटर यांचा मेळ

> «जीपच्या जुन्या लॉगबुकात एकदा सरासरी १५ येते, लगेच पुढे ९. माझे वाचन चुकले की इंधनाची नोंद?»

एका भरण्याची सरासरी जास्त आणि लगेच पुढच्याची कमी अशी जोडी दिसली, तर बहुधा मधले किलोमीटर-वाचनच चुकलेले असते, कारण तो एकच आकडा दोन्ही अंतरांत येतो. समजा, टाकी पूर्ण भरतानाची वाचने ४८,५७०, ४८,९९० आणि ४९,२७० असून शेवटच्या दोन भरण्यांचे इंधन २८ व ३० लिटर आहे. सरासरी १५ आणि ९.३ येते. हस्ताक्षरात १ आणि ९ सहज मिसळतात, म्हणून मधले वाचन ४८,९१० धरून पाहा: १२.१ आणि १२. लिटरचा आकडा चुकला असता, तर एकच सरासरी बिघडली असती.

मात्र टाकी अर्धवट भरली असली, तरी हीच जोडी दिसते, आणि हा फरक केवळ भागाकाराने कळत नाही. त्यासाठी रोजच्या फेऱ्यांचे सुरुवातीचे व अखेरचे वाचन तपासावे. पुढची फेरी ४८,९१० पासूनच सुरू होत असेल, तर शंका मिटते. तरीही मूळ नोंद जशी वाचली तशीच ठेवून दुरुस्ती शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावी, असे मी आग्रहाने सुचवतो.