मदत हवी आहे: हाताने लिहिलेल्या tfw ने नकाशा वर जुळतो, खाली 55 मीटर सरकतो

कागदीनकाशा:
नमस्कार मंडळी, 1:50,000 चे बरेच जुने नकाशे 300 dpi ने स्कॅन केलेत आणि प्रत्येकावर जिओरेफरन्सरमध्ये बसून पॉइंट क्लिक करत बसायचं नाहीये, म्हणून वर्ल्ड फाइल स्वतःच लिहितोय. नकाशावर UTM ची ग्रिड छापलेली आहे. वरच्या डाव्या ग्रिडचा छेद (320000, 2060000) इमेजमध्ये कॉलम 412, रो 388 ला आहे आणि तिथून 20 किमी पूर्वेचा छेद 5136, 412 ला, म्हणजे स्कॅन जरासा तिरका आहे. या दोन पॉइंटवरून sheet07.tfw अशी केली:

```
4.233591
0.021509
0.021509
-4.233591
318247.415
2061633.772
```

QGIS मध्ये वरची बाजू अगदी रेघेवर रेघ बसते, पण खाली येता येता नकाशा दक्षिणेला सरकत जातो आणि 20 किमी खालच्या रेघेला तर जवळपास 55 मीटरचा फरक पडतो. दोन दिवस आकडे तपासतोय, चूक सापडत नाही.

पाचवीओळ:
शेवटच्या दोन ओळी इमेजच्या कोपऱ्याच्या नसतात हो, पहिल्या पिक्सेलच्या मध्याच्या असतात. तिथेच चुकलंय तुमचं.

कागदीनकाशा:
ते वाचलं होतं, पण त्याने अर्धा पिक्सेल म्हणजे दोनेक मीटर हलेल आणि सगळीकडे सारखंच हलेल ना? माझं वर बरोबर आहे, खालीच चुकतंय.

भटकीरेघ:
माझा तर नकाशा सरळ 0,0 जवळच्या समुद्रात जातो!! tfw मध्ये अक्षांश-रेखांश टाकलेत, प्रोजेक्ट UTM मध्ये आहे. कोणी सांगेल का?

जुनासर्व्हेयर:
@भटकीरेघ, वर्ल्ड फाइलमध्ये CRS लिहायला जागाच नसते, नुसते सहा आकडे. तुमचे 73, 18 असे आकडे सॉफ्टवेअर मीटर समजतंय. लेयरचा CRS अंशांतला निवडा, जाईल जागेवर.

@कागदीनकाशा, तुमचं गणित बरोबर आहे, गृहीत धरलंय ते चुकतंय. दोन पॉइंटवरून काढलं की आडवं आणि उभं माप सारखंच धरलं जातं, म्हणून तर पहिली आणि चौथी ओळ सारखी आलीय. खालच्या डाव्या छेदाचा पिक्सेल बघा, तुमच्या फाइलप्रमाणे तो 388, 5112 ला यायला हवा.

कागदीनकाशा:
388, 5125 ला आहे!

जुनासर्व्हेयर:
मग झालं की. 13 पिक्सेल गुणिले 4.23, हेच तुमचे 55 मीटर. स्कॅनर रोलरचा होता का, कागद आत ओढून घेणारा? त्यात कागद ओढला जातो त्या दिशेने माप थोडं ताणलं किंवा आवळलं जातं. कागद स्वतःही दोन दिशांना वेगळा आटतो, त्यामुळे नेमका दोष कुणाचा ते इथून सांगता येणार नाही. उपाय एकच, तिसरा पॉइंट घ्या. ओळींचा क्रम A, D, B, E, C, F असा आहे आणि नातं असं:

```
X = A*col + B*row + C
Y = D*col + E*row + F
```

तीन छेद टाकले की X ची तीन समीकरणं, Y ची तीन, सहाही आकडे सुटतात. तुमच्या पॉइंटवरून मला हे आलं:

```
4.233591
0.021449
0.021449
-4.221973
318247.438
2061629.288
```

दुसरी-तिसरी ओळ इथे सारखी आलीय हे तुमचं नशीब, नाहीतर त्यांची अदलाबदल झाली की नकाशा चुकीचा मुरडतो आणि लक्षातही येत नाही.

कागदीनकाशा:
टाकलं पण काहीच बदललं नाही, तसाच सरकलेला दिसतोय!

पाचवीओळ:
शेजारी sheet07.tif.aux.xml पडलीय का बघा. आधी जिओरेफरन्सर वापरून पाहिलं असेल तर त्यातलं जुनं जागानिर्धारण राहून जातं आणि GDAL आधी तेच वाचतं, tfw ची पाळी नंतर. ती फाइल दुसरीकडे हलवा आणि लेयर काढून पुन्हा टाका.

कागदीनकाशा:
तेच होतं! आता तिन्ही छेद बरोबर बसले, मनापासून आभार. मग हीच tfw बाकीच्या शीटना कॉपी करून शेवटचे दोन आकडे बदलले तर?

जुनासर्व्हेयर:
नाही चालणार. प्रत्येक शीट स्कॅनरमध्ये वेगळ्या कोनात शिरते. प्रत्येकीचे तीन पिक्सेल वाचावेच लागतील, ग्रिडचे आकडे मात्र शीट क्रमांकावरून आपोआप भरता येतील, मेहनत वाचेल ती तिथेच. आणि तीन पॉइंटवर फाइल नेहमीच तंतोतंत बसते, त्यावर विश्वास ठेवू नका. खरी परीक्षा चौथ्या छेदाची, तुमचा 5112, 5149 ला यायला हवा.

कागदीनकाशा:
5116, 5150 ला आहे. म्हणजे 17 मीटर पूर्वेला. त्या कोपऱ्याजवळ घडीची खूण आहे.

जुनासर्व्हेयर:
घडी असेल तर सहा आकड्यांत ती मावत नाही, वर्ल्ड फाइलला सरळ रेघ सरळच ठेवावी लागते. छापील नकाशावर 17 मीटर म्हणजे 0.34 मिमी, तुमच्या कामाला चालत असेल तर सोडून द्या. त्या एका शीटला तरी हाताने पॉइंट द्यावे लागतील असं वाटतं, पण आधी घडीच्या अलीकडचा एखादा छेद तपासा.

कागदीनकाशा:
बघतो आज रात्री आणि इथेच आकडे टाकतो.