मदत हवी आहे: पेपरांचा ढीग कोणत्या क्रमाने वाचायला द्यावा?

काळा_कातळ: नवीन पीएचडी विद्यार्थिनी सोमवारी रुजू होतेय. सरांनी चाळीसेक पीडीएफचं फोल्डर माझ्या गळ्यात मारलंय, "सोप्यापासून अवघडाकडे लावून दे" म्हणून. मी कसातरी लावलेला क्रम त्यांनी परत पाठवला. कुणी लावलाय का असा? लवकर सांगा.

निवांत: विषय कोणता? माझ्याकडे मराठी संतसाहित्याची यादी आहे, हवी असेल तर देतो.

काळा_कातळ: डेक्कन ट्रॅप. लाव्हा आणि डायनासोरांचा अंत, कोण आधी कोण नंतर ते. संतसाहित्य नको, आभार.

प्राध्यापक_निवृत्त: सरळ वर्षाप्रमाणे लावा. 1980 चा अल्वारेझ यांचा इरिडियमचा पेपर, 1986 चा कुर्तियो यांचा, 1991 चा चिक्शुलुब विवराचा, मग पुढचे. वाद कसा वाढला ते आपोआप कळतं. आम्ही असेच शिकलो.

घाटवाटा: सर, उल्कापाताच्या बाजूला ते चालेल, लाव्ह्याच्या बाजूला नाही. शेने यांच्या 2009 च्या पेपरात उद्रेकाचे तीन टप्पे आहेत. मुलगी ते डोक्यात पक्के करणार आणि दहा वर्षं पुढे आली की स्प्रेन यांचा 2019 चा पेपर सांगणार की तसे सुटे तीन टप्पे नव्हतेच.

@काळा_कातळ, प्रत्येक पेपरच्या मुख्य आकृतीकडे बघ आणि विचार, ही कळायला आधी काय माहीत हवं? ते ज्यात आहे तो पेपर त्या आकृतीच्या आधी. 2019 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात शोने आणि स्प्रेन यांचे दोन पेपर आले. दोन्हींत वयं मांडलीत ती थरांच्या नावांवर: बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. ही नावं 1985 च्या कॉक्स-हॉक्सवर्थ आणि 1986 च्या बीन यांच्या पेपरांशिवाय नुसती गावांची यादी वाटतात. म्हणून ते दोन आधी.

टूलवाला: झोटेरोत टॅग लावा, विषय संपला.

घाटवाटा: टॅग काय लावायचा हाच तर प्रश्न आहे, दादा.

मृण्मयी_भू: मुलगी कुठून आलीय? ते कुणी विचारलंच नाही.

काळा_कातळ: फिजिक्समध्ये एमएस्सी. त्याने काय फरक पडतो?

मृण्मयी_भू: अहो, तिथेच सगळा फरक पडतो! युरेनियम-शिसं आणि आर्गॉन पद्धती तिला एका संध्याकाळी कळतील. अडेल ती कातळापाशी. डोळ्यांना सगळा बेसॉल्ट सारखाच, थर वेगळे काढलेत ते बेरियम, स्ट्रॉन्शियम, टायटॅनियमच्या प्रमाणावरून. तिला आधी पोलादपूरहून अंबेनळी घाटाने महाबळेश्वरला न्या, वाटेत थरांची तीन नावं खालून वर त्याच क्रमाने भेटतात. मग बीन. भूशास्त्रातून आलेली असती तर कालमापनाचे पेपर आधी दिले असते.

भटक्या७७: अंबेनळीत पावसाळ्यात दरड येते, जपून. अवांतर: पोलादपूरला मिसळ कुठे चांगली मिळते?

घाटवाटा: +१ मृण्मयी. आणि 2019 ची जोडी एकाच दिवशी द्यायची. शोने यांनी दोन प्रवाहांमधल्या लाल मातीच्या थरांत सापडलेले झिरकॉन मोजले. स्प्रेन यांनी खुद्द लाव्ह्यातलं प्लेजिओक्लेज मोजलं. त्यात पोटॅशियम कमी, म्हणून एरर बार रुंद. शोने म्हणतात, उल्कापाताच्या काही दशसहस्र वर्षं आधी मोठा उद्रेक झाला. स्प्रेन म्हणतात, सुमारे पाऊण लाव्हा डायनासोरांच्या अंताच्या सीमेनंतरचा. एकच वाचला तर ती त्या पक्षाची होऊन बसेल.

प्राध्यापक_निवृत्त: मग बरोबर कोण ते तरी सांगा!

घाटवाटा: म्हणूनच तिसरा 2021 चा, शोने यांचाच. दोन्ही गटांची आकडेमोड एकाच पद्धतीने केली तर मतभेद पुष्कळसा एरर बारांत विरतो, असं त्यात आहे. तो जोडीआधी दिला तर भांडण कशावर होतं तेच कळणार नाही.

मृण्मयी_भू: विरतो म्हणजे मिटला नव्हे. झिरकॉन उद्रेकाच्या कितीतरी आधी मॅग्म्यात तयार झालेला असू शकतो, वय जास्त येतं. जुनाच डेटा पुन्हा वापरून काढलेल्या निकालाला मी एवढं वजन देणार नाही.

घाटवाटा: त्यांनी ते धरलंय की. तुम्ही पुरवणी वाचा.

मृण्मयी_भू: वाचलीय.

काळा_कातळ: भांडा नंतर. घाट, कॉक्स-हॉक्सवर्थ, बीन, मग 2019 ची जोडी, मग 2021. उरलेल्या पस्तीसेक पेपरांचं काय?

मृण्मयी_भू: ते आताच देऊ नका. 2019 ची आकृती तिला कोऱ्या कागदावर काढायला सांगा, थरांच्या नावांसकट. अडखळेल तिथला पेपर ढिगातून काढून द्या.

काळा_कातळ: सरांना पूर्ण यादी हवीय.

निवांत: सर भूशास्त्राचेच का?