शब्दचर्चा: भांगर, खादर आणि आपली मळई

वर्षा_जिंतूर
भूगोलाच्या पुस्तकात 'भांगर म्हणजे जुना गाळ, खादर म्हणजे नवा गाळ' एवढंच एका ओळीत देतात. पुढे येतं की खादर जास्त सुपीक असतो आणि गंगेच्या मैदानात वस्ती दाट आहे. वाचणारी मुलं मग धरूनच चालतात, की वस्ती खादरवर दाट असणार. हे खरं आहे का? आणि या दोन गाळांना आपल्या बोलीत काय म्हणायचं?

थडीकर
ताई, आमच्या गंगाथडीला नव्या गाळाला मळई म्हणतात. पूर ओसरला की काठाला पोयटा बसतो आणि त्यावर हरभरा, गहू नुसत्या ओलीवर येतो. खताची गरज नाही. म्हणून तर गंगेकाठी गावं आहेत. खादर म्हणजे मळईच, आणि वस्ती तिथंच.

मृदा_परभणी
थडीकर भाऊ, तुमची गंगा म्हणजे आपली गोदावरी. ताईंचा प्रश्न उत्तरेच्या गंगेचा आहे. मळई हा शब्द मात्र खादरला चपखल बसतो, तो मुलांना जरूर सांगावा.

वस्तीचं उलट आहे. खादर म्हणजे पुराचं पाणी आजही जिथं पोचतं तो पट्टा. भांगरही नदीनंच आणलेला, पण फार जुन्या काळी. नंतर नदी आपलं पात्र खोल करत गेली आणि तो गाळ वर राहिला. आता नेहमीचा पूर तिथवर चढत नाही. दोन्हींच्या मधे बहुतेक ठिकाणी उंच कडा दिसतो.

काशीला गेलेल्यांनी हे पाहिलेलं असतं, फक्त या नजरेनं नाही. घाट आणि सगळं जुनं शहर पश्चिमेच्या उंच काठावर आहे, त्या काठाच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. समोरचा काठ सखल आणि वाळूचा. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो, पाणी उतरल्यावर उघडा पडतो. नदी एकच, पण एका काठावर दाटीवाटीनं शहर आणि दुसऱ्यावर मोकळं वाळवंट.

खादरवर रब्बीचा गहू येतो, वाळूत टरबूज-काकडी येते, पण पक्कं घर आणि पक्की विहीर टिकत नाही. नदी सरकली की बांधच सापडत नाही, मग हद्दीचे तंटे सुरू होतात. म्हणून माणसं भांगरवर राहतात आणि पिकासाठी खादरात उतरतात.

एक मर्यादा सांगतो. बंगालकडे खाली गेलं की हा कडा जवळजवळ नाहीसा होतो. तिथं लोक नव्या गाळावरही दाट राहतात, नदीनं काठाला रचलेल्या उंचवट्यावर किंवा मातीचा भराव टाकून.

वर्षा_जिंतूर
मग दाट वस्तीचं कारण सुपीकता नाही का?

मृदा_परभणी
सुपीकता आहेच, पण मला पाण्याचं कारण जास्त मोठं वाटतं. 2011 च्या जनगणनेत बिहारमध्ये दर चौरस किलोमीटरला 1106 माणसं होती, आपल्या बीड जिल्ह्यात 242. आपली काळी माती काही हलकी नाही, पण तिच्याखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. एक बोअर भरून वाहतो आणि पन्नास फुटांवरचा कोरडा जातो, हे इथं कुणाला सांगायला नको.

तिकडे गाळाची जाडी शेकडो मीटर आहे. वाळूच्या थरात कणाकणांमधे पाणी भरलेलं असतं आणि पाऊस, नदी ते पुन्हा भरत राहतात. बिहारच्या कोसी पट्ट्यात शेतकऱ्यांनी बांबूच्या नळीवर काथ्या गुंडाळून बोअर केले होते. खडकच नाही, त्यामुळे खर्चही थोडा. हाताशी पाणी असलं की खरिपानंतर रब्बी आणि उन्हाळीही घेता येतं. एका एकरावर जास्त तोंडं पोसली जातात ती त्यामुळे.

थडीकर भाऊ, खताबद्दल थोडं. गाळातून पालाश आणि चुना मिळतो, नत्र मात्र कमीच असतं. हरभरा आपलं नत्र मुळावरच्या गाठींतून स्वतः मिळवतो, म्हणून बिनखताचा साधतो. त्याच मळईत गहू घेतला आणि खालची पानं आधी पिवळी पडायला लागली, तर नत्र कमी पडलंय असं समजा.

आणि नवा गाळ म्हणजे चांगला गाळ असंही नाही. 18 ऑगस्ट 2008 ला कोसीचा बांध नेपाळात कुसहाजवळ फुटला, तेव्हा बिहारमधल्या कितीतरी शेतांवर वाळू पसरली. तोही नवाच गाळ होता. पाणी जोरात असताना वाळू पडते आणि संथ झाल्यावर पोयटा बसतो. तुमच्या रानात काय येणार ते पाण्याच्या वेगावर ठरतं.

शिवार_माजलगाव
मला धरणातला गाळ शेतात टाकायचा आहे. गाळमुक्त धरण योजनेत मिळतो. रान मुरमाड आहे. एकराला किती टाकू? आणि तो भांगर की खादर?

मृदा_परभणी
भाऊ, नाव द्यायचं तर तो खादरच्या जवळचा, पण तिथं संथ पाण्यात बसलेला असल्यामुळे चिकण जास्त असते. मुरमाड रानाला दोन इंचांचा थर पुष्कळ झाला. एकर म्हणजे 43560 चौरस फूट, त्यावर दोन इंच म्हणजे 7260 घनफूट, म्हणजे साधारण 73 ब्रास. ट्रॉलीत किती ब्रास बसतो ते मोजूनच हिशेब करा.

नुसता पसरून ठेवू नका. उन्हात ढेकळं तापू द्या, मग नांगरून मुरमात मिसळा. नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत जायचं थांबतं. काळ्या भारी रानात मात्र टाकूच नका. तिथं आधीच निचरा कमी, वरून आणखी चिकण गेली की पावसाळ्यात तूर उभ्या उभ्या सुकते.

कंकर_नांदेड
जुना गाळ ओळखायचा सोपा मार्ग सांगतो. चुनखडीचे खडे दिसले की भांगर.

मृदा_परभणी
गंगेच्या मैदानात ते बहुतेक खरं ठरतं. पावसाचं पाणी वरच्या मातीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि ओल आटते तिथं तो साचतो. खडा तयार व्हायला फार मोठा काळ लागतो, म्हणून नव्या गाळात तो सहसा दिसत नाही. पण आपल्याकडे जागच्या जागी पाषाण झिजून झालेल्या काळ्या मातीतही चुनखडी असते. त्यामुळे मराठवाड्यात तेवढ्यावर निर्णय देता येत नाही.

चार फुटांचा खड्डा घेऊन एक भिंत चाकूनं सारखी करा. वाळू आणि पोयट्याचे पट्टे स्वच्छ वेगळे दिसले तर गाळ नवा. पट्टे पुसट झालेत, खाली चिकण वाढलीय आणि खडे आहेत, तर जुना असण्याची शक्यता. मग आणखी खाली जा. गोल गुळगुळीत गोटे लागले तर ती माती नदीनं आणलेली. मुरूम लागून पुढे पाषाण सुरू झाला तर बहुधा तिथलीच.

कंकर_नांदेड
गोदावरीकाठच्या उंच दरडीत काळ्या मातीखाली गोटे दिसतात. मग ती भांगर म्हणायची का?

मृदा_परभणी
जुना गाळ नक्की म्हणता येईल. भांगर हे नाव उत्तरेच्या मैदानाबाहेर वापरावं का, यावर माझं मत पक्कं नाही.

थडीकर
आमच्याकडे त्या वरच्या रानाला नुसतं 'काळी' म्हणतात. मळई खाली, काळी वर. भांगर म्हटलं तर लोक भंगार समजतील. ताई, मुलांना 'जुनी मळई' सांगा.

वर्षा_जिंतूर
'जुनी मळई' लगेच कळेल, पण परीक्षेत भांगरच लिहावं लागणार. दोन्ही फळ्यावर लिहीन, शेजारी काशीचे दोन काठ काढून. कंकर दादा, त्या दरडीत गोटे किती खोलीवर लागतात ते मोजून सांगाल का?