अनुभव धागा: लग्नात बदललेले पहिले नाव

जुनी_वही: आडनावाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, म्हणून हा धागा केवळ पहिल्या नावापुरता ठेवू या. यमुना कुर्लेकर लग्नानंतर रमाबाई रानडे झाल्या, मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाल्या, लोकमान्यांच्या पत्नी तापीबाई सत्यभामाबाई झाल्या. आपल्या घरात हे का घडले आणि कधी थांबले, ते सविस्तर लिहावे.

सोनचाफा: लग्नात मुलीचे गोत्र बदलते, म्हणजे शास्त्राप्रमाणे तिचा नवा जन्मच होतो. नवे नाव हा त्या विधीचाच भाग आहे, असे आमचे गुरुजी सांगत.

ओसरी: गोत्राचे म्हणणे खरे आहे, पण नावाचे तितकेसे नाही. कन्यादान, पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी या मूळ विधींत वधूला नवे नाव देणे कुठेही येत नाही. तमिळ घरांतही मुलीचे गोत्र बदलते, तरी तिचे नाव तेच राहते. आपल्याकडे हा लोकाचार आहे आणि त्यामागे एकत्र कुटुंबाच्या गरजा होत्या. सुनेने सासू-सासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही हा दंडक असलेल्या घरात सासूच्याच नावाची मुलगी आली, तर तिला हाक मारायची कशी? थोरल्या जावेचे नाव तेच असले तरी हीच अडचण येई. त्यातच देवादिकांची जोडी जुळवण्याची हौस असे. ना. वा. टिळकांचे नाव नारायण, म्हणून पत्नी लक्ष्मी. लोकमान्यांचे मूळ नाव केशव, म्हणून सत्यभामा हे नाव शोभून दिसते. मला सर्वांत मोठे कारण मात्र वयाचे वाटते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचे नाव कोणत्याही कागदावर नसे, ते चार माणसांच्या तोंडी असे आणि म्हणून सहज पुसता येई. 1930 साली शारदा कायदा लागू झाला, मुलींची शाळा लांबली, आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव बदलणे अवघड होत गेले.

पारिजात_62: माझे लग्न 1984 सालचे. लक्ष्मीपूजनाच्या वेळी चांदीच्या ताटात तांदूळ पसरले होते आणि यजमानांनी अंगठीने त्यांत नाव लिहिले. पहिले अक्षर लिहिताच तांदूळ ढासळले, तेव्हा नणंदेने तळहाताने ते पुन्हा सारखे केले. नाव वाचून सगळ्यांना पेढे वाटले गेले. ते नाव मला तेव्हा प्रथमच कळले. मी बँकेत नोकरीला होते, त्यामुळे पगारपत्रकावर माहेरचे नाव राहिले आणि घरात नवे रुळले. सासूबाईंनी ते फार प्रेमाने निवडले होते आणि मला ते आजही आवडते. परंतु मला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. माझ्या धाकट्या जावेने लग्न ठरतानाच नकार दिला आणि कोणी आग्रह धरला नाही.

मुक्काम_देवगड: माझ्या पत्नीने आडनाव बदललेले नाही, त्यामुळे मुलाच्या पासपोर्टच्या वेळी प्रश्न विचारले गेले. कोणाला असा अनुभव आहे का?

जुनी_वही: तो प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती.

बांधावरून: आमच्या घरी या प्रथेची झळ फार उशिरा लागली. पणजोबा वारले, तेव्हा फेरफारात त्यांच्या वारसांमध्ये आजीचे माहेरचे नाव लागले. तिचे रेशनकार्ड, आधार आणि पुढे मृत्यूचा दाखला हे सारे सासरच्या नावाने. तिच्या पश्चात आईने वारसनोंदीचा अर्ज केला, तेव्हा सातबाऱ्यावरची बाई आणि दाखल्यावरची बाई एकच कशावरून, असे तलाठ्यांनी विचारले. त्यांचे विचारणे चूक नव्हते. आजीचा शाळेचा दाखला नव्हता, कारण ती शाळेत गेलीच नव्हती. आता मामांची हरकत नसली, तरी नोंद अडून आहे. राजपत्रात नाव बदलून घ्यावे, असे कोणी सुचवले आहे.

ओसरी: मृत व्यक्तीच्या बाबतीत राजपत्राचा मार्ग उपयोगी पडत नाही, कारण तो अर्ज ज्याचे नाव बदलायचे त्यानेच करायचा असतो. दोन्ही नावे ‘ऊर्फ’ घालून वारसांचे प्रतिज्ञापत्र करावे आणि मामांसह माहेरच्या नातेवाइकांचे जबाब जोडावेत. लग्नपत्रिका, जुने खरेदीखत, दोन्ही नावांचा उल्लेख असलेला एखादा जुना कागद शोधावा. एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो.

बांधावरून: पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’पुढे माहेरचेच नाव आहे, सासरचे नाही.

पारिजात_62: मग आहेराची वही मिळते का पाहा. आमच्याकडे तीत पूजनानंतरचे आहेर नव्या नावाने लिहिलेले आहेत, आणि पहिल्या पानावर जुने नावही आहे.