पुण्याहून बंगळूरला बिऱ्हाड हलवताना: ग्रुपवरील चर्चा

सी-१०२: सर्वांना नमस्कार. यांची बंगळूरला बदली झाली असून मुलीची नवी शाळा १ जूनला सुरू होते. कामांची यादी मी केली आहे, पण कोणते काम कोणत्या तारखेपर्यंत व्हायला हवे हे ठरत नाही. एकूण किती रक्कम हाताशी ठेवावी, याचाही अंदाज कोणी दिल्यास उपकार होतील.

बी-३०४: वहिनी, हा फ्लॅट घेण्यापूर्वी आम्ही याच सोसायटीत ए विंगला भाड्याने राहात होतो आणि तेथूनच बंगळूरला गेलो होतो. दोन वर्षांनी परतलो, त्यामुळे हा व्याप दोन्ही बाजूंनी पाठ झाला आहे. तारखा आजपासून पुढे मोजू नका. शाळेच्या दिवसापासून मागे मोजत या. सामान लावायला आठवडाभर लागतो, म्हणून ट्रक २० मेच्या सुमारास निघायला हवा, आणि त्यापूर्वी नव्या घराची किल्ली हातात हवी. तुमच्या करारात एक महिन्याची नोटीस असेल, तर ती एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे बहुधा नवे घर नक्की होण्याआधीच, द्यावी लागेल.

सी-१०२: तेथे घर मिळालेच नाही, तर आम्ही दोन्हीकडून अडकू, अशी भीती वाटते.

बी-३०४: म्हणूनच आम्ही पंधरा दिवस दोन्ही घरांचे भाडे मुद्दाम भरले. ते मला जड वाटले नाही, कारण पर्याय म्हणजे सामान गोदामात आणि माणसे हॉटेलात. आमचा हिशेब सांगतो. ट्रक ४६,००० रुपये, गाडी पाठवण्याचे १२,०००, दलाली ३८,०००, तिकिटे १०,०००, जादा भाडे १९,००० आणि एसी काढणे-बसवणे, सुतार वगैरे १४,०००, असा एकूण १,३९,००० रुपये खर्च झाला. मात्र नव्या मालकाला पाच महिन्यांची अनामत, म्हणजे १,९०,००० रुपये, किल्लीपूर्वीच द्यावी लागली आणि येथील १,००,००० रुपये घर रिकामे केल्यावर तीन आठवड्यांनी परत आले. म्हणजे खर्च १,३९,००० रुपयांचा असला तरी त्या काळात हातात ३,२९,००० असावे लागले. आमचा अंदाज चुकला तो येथेच. पैसे कमी नव्हते, ते चुकीच्या तारखेला येत होते. आज तेथील भाडी आणि अनामती वेगळ्या असतील, म्हणून हिशेबाचा साचा घ्या, आकडे नव्याने भरा.

डी-४०१: ट्रक पूर्ण घ्यावा की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर पाठवावे? दुसरा पर्याय बराच स्वस्त सांगतात.

बी-३०४: भागीदारीत ट्रक भरेपर्यंत सामान गोदामात थांबते, वाटेत चढ-उतारही जास्त होते आणि पोहोचण्याची तारीख कोणी लेखी देत नाही. शाळेची तारीख ठरलेली असताना मी तो धोका घेणार नाही. पूर्ण ट्रक घेऊनही आमची एक चूक झाली. नव्या घराची गल्ली किती रुंद आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते. ट्रक आत शिरेना, म्हणून छोट्या टेम्पोच्या फेऱ्या कराव्या लागल्या आणि त्याचे ४,५०० रुपये ऐन वेळी मोजावे लागले. दर ठरवताना दोन्ही ठिकाणची गल्ली, मजला आणि लिफ्ट सांगून ते दरपत्रकात लिहून घ्या. खोक्यांना क्रमांक घाला, पण वरच्या बाजूला नव्हे, दोन बाजूंना. एकावर एक रचल्यावर वरचा क्रमांक दिसत नाही. आमची त्रेसष्ट खोकी होती, आणि उतरवताना यादीवर खूण करत गेल्यामुळेच एक कमी असल्याचे ट्रक उभा असतानाच कळले.

सी-१०२: आमची गाडी महाराष्ट्राच्या क्रमांकाची आहे. ती न्यावी का?

बी-३०४: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार तेथे नवी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी येथील आरटीओचे ना-हरकत पत्र लागते. अर्ज नमुना २८ वर असतो. त्यावर चॅसी क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. मी भर उन्हात बॉनेटखाली वाकून तो तीन वेळा घेतला, तेव्हा कोठे आकडे उमटले. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची संमती लागते आणि ई-चलने थकली असल्यास काम तेथेच अडते. यादीत हे काम खाली टाकू नका. ट्रकची तारीख ठरण्याआधीच सुरू करा. तेथे रस्ता कर नव्याने भरावा लागतो आणि येथील उरलेल्या कराचा परतावा तेथील नोंदणी दाखवून नंतर मागता येतो, म्हणून तो परतावा स्थलांतराच्या बजेटमध्ये जमेस धरू नका. गाडी जुनी असेल तर हा सारा आटापिटा आणि विक्रीची किंमत शेजारी मांडून पाहा; मी पुन्हा गेलो तर विकूनच जाईन.

सी-१०२: तीन वर्षांचे कर्ज अजून बाकी आहे, म्हणून उद्याच बँकेला अर्ज देते.

ए-५०३ (सचिव): वहिनी, २० मेच्या आसपासचा दिवस नक्की झाल्यावर आठवडाभर आधी कार्यालयात अर्ज द्या. त्या दिवशी सकाळी नऊ ते बारा लिफ्ट तुमच्यासाठी राखून ठेवू. घरमालकांचे पत्रही सोबत जोडा, म्हणजे फाटकावर ट्रक अडणार नाही.