अनुभव धागा : लग्नाला लॉजच्या खोल्या घेतल्या, सहा कमी केल्या, मग काय झालं

तापीकाठ :
शेजारच्या काकांच्या मुलीचं लग्न आहे मार्गशीर्षात. आज ते लॉजची पावती घेऊन आले, "जरा वाच बरं, माझा चष्मा घरी राहिला." पावतीच्या मागे बारीक अक्षरात तीच ओळ, 'खोल्या कमी करायच्या असल्यास 15 दिवस आधी कळवावे.' वाचूनच जुनं दुखणं वर आलं.

भाचीचं लग्न जळगावला होतं. लॉज छोटा, एकूण 22 खोल्या, त्यातल्या 18 आम्ही दोन रात्रींसाठी घेतल्या. टॅक्स धरून खोलीला रात्रीचे 1800, म्हणजे 64,800. निम्मे, 32,400, आगाऊ भरले. सही करताना मी भाडं तेवढं वाचलं. बाकीचं वाचायला वेळ कोणाला? मंडपवाला बाहेर उभा होता.

बारा दिवस राहिले आणि सुरतच्या आत्याच्या सासरी सुतक पडलं. सहा खोल्यांची माणसं गळाली. मी मालकाला व्हॉट्सअ‍ॅप टाकला, "12च ठेवा." त्याचा अंगठा आला. माझा हिशोब सोपा होता : 12 खोल्यांचे 43,200, त्यातून 32,400 गेले, राहिले 10,800.

निघायच्या दिवशी बिल हातात आलं, द्यायचे 21,600! सोडलेल्या सहा खोल्यांची एकेक रात्र लावली होती, तेच जास्तीचे 10,800. मी म्हटलं, अहो, मी बुकिंग कॅन्सल कुठे केलं? त्याने पावती उलटी करून बोट ठेवलं. तुमचे अनुभव सांगा. काकांना उद्याच लॉजवर जायचंय.

निशा_धुळे :
अंगठा म्हणजे मान्य, असं आम्हालाही वाटलं होतं 😀 अंगठा म्हणजे नुसतं "वाचलं".

पाटील_चोपडा :
आमना बी बठ्ठा पैसा बुडना भो. नंतर सांगतो, केळीची गाडी भरतेय.

कायद्याने_बोला :
एवढं घाबरायचं काय? अ‍ॅडव्हान्स कायद्याने परत द्यावाच लागतो. 1915 ला फोन करा, ग्राहक आयोगात केस टाका. मालक धावत येतो.

भुसावळकर_जुना :
दादा, इतकं सरळ नाही ते. मी भुसावळला स्टेशनजवळच्या लॉजवर अकरा वर्षं काउंटर सांभाळलाय. अटीवर तुमची सही असेल आणि ती अट वाजवी असेल तर पैसे कापता येतात. पण 1872 च्या करार कायद्यात कलम 74 आहे. कागदावर लिहिलेला आकडा ही वरची हद्द, त्याच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल तेवढीच मागता येते. लिहिलं म्हणून आपोआप सगळं मिळतं असं नाही.

तापीकाठ, तुमची चूक बहुतेक जण करतात. ग्रुप बुकिंगला दोन वेगळे नियम असतात. एक, सगळंच रद्द केलं तर अ‍ॅडव्हान्समधून किती जाणार. दुसरा, लग्न होणारच आहे पण खोल्या कमी केल्या तर काय. तुम्ही पहिला नियम डोक्यात धरून बसलात, मालक दुसऱ्यावर बोट ठेवून बसला. आधी हे सांगा, दुसऱ्या नियमात काही सूट होती का?

तापीकाठ :
होती. 15 दिवस आधी कळवलं तर दहा टक्के खोल्या फुकट कमी. नंतर प्रत्येक खोलीमागे एक रात्र.

भुसावळकर_जुना :
मग मुदतीत कळवलं असतं तरी 18 चे दहा टक्के म्हणजे एकच खोली सुटली असती, पुरती दोन पण नाही. सहाची सूट कुठल्याच हिशोबाने नव्हती. आता खरा प्रश्न : त्या रात्री तुमच्या सोडलेल्या खोल्या दुसऱ्याला गेल्या का?

मीनाताई :
आम्ही अ‍ॅपवरून शेगावला एक खोली घेतली होती, आदल्या दिवशी कॅन्सल केली, पूर्ण पैसे परत आले. तुम्ही अ‍ॅपवरून का नाही घेत?

निशा_धुळे :
मीनाताई, एक खोली आणि अठरा खोल्या यात फरक आहे हो. एक गेली तर दुसरा गिऱ्हाईक येतो. अठरा खोल्यांसाठी त्याने लग्नसराईत बाकीच्यांना "फुल आहे" सांगून परत पाठवलेलं असतं.

तापीकाठ :
भुसावळकर, गेल्या ना! पहिल्या रात्री वरच्या मजल्यावर दुसऱ्याच वऱ्हाडाची माणसं, बाल्कनीत त्यांचे टॉवेल वाळत होते. काउंटरवर सही करताना रजिस्टरात पण पाहिलं, आमच्याशिवाय सहा खोल्या भरल्या होत्या. म्हणजे सहाच्या सहा खोल्यांचे पैसे परत हवेत ना?

भुसावळकर_जुना :
इथंच सगळे घसरतात. लॉज 22 खोल्यांचा. तुम्ही 18 ठेवल्या असत्या तरी त्याच्या चार रिकाम्या होत्याच, त्या तो विकणारच होता. म्हणून बाहेरच्या सहापैकी पहिल्या चार त्याच्या स्वतःच्या धरायच्या, आणि फक्त उरलेल्या दोन तुमच्या सोडण्यामुळे विकल्या गेल्या. त्या दोनवर त्याचं नुकसान नाही, म्हणून 3,600 मागा. बाकी चार खोल्यांचे 7,200 त्याने कापले ते मला तरी चुकीचे वाटत नाहीत.

कायद्याने_बोला :
हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

भुसावळकर_जुना :
असं शब्दशः कुठेच नाही. नुकसान खरं किती ते मोजायची रीत आहे. मालक म्हणेल वाणसामान, पोऱ्यांचा पगार. त्यावर दोन्हीकडून वाद घालता येतो.

लॉजवाली_नंदुरबार :
आता आमचंही ऐका. सारंगखेड्याच्या यात्रेला एक ग्रुप दहा खोल्या धरतो आणि आदल्या दिवशी फोन, "ताई, सहाच येतोय." मी महिनाभर लोकांना नाही म्हटलेलं असतं. एक रात्र कापली की आम्ही लुटारू. पण पुन्हा विकली तर परत द्यावं, हे मला पटतं. मी आता पावतीवर पेनाने लिहूनच देते.

पाटील_चोपडा :
आलो. आमचं वेगळं होतं, आम्ही तारीखच बदलली. मालक म्हणाला, "हे रद्दच झालं, नवीन बुकिंग करा." आधी विचारायला हवं होतं, तारीख बदलणं म्हणजे रद्द धरता का.

सुनंदा_अमळनेर :
विषय सोडून विचारते, भरीत-कळण्याच्या भाकरीची पार्टी अशा लॉजच्या गच्चीवर करू देतात का? काड्यांचा जाळ म्हटलं की मालक नाही म्हणतो.

लॉजवाली_नंदुरबार :
गच्चीवर जाळ नाही ताई. मागच्या अंगणात करा, वांगी मी आणून देईन.

तापीकाठ :
सुनंदाताई, पैसे कापले तर सांगा 😀
काकांच्या पावतीत काय काय लिहून घेऊ? त्यांच्या बारा खोल्या आहेत, लॉज चौदाचा.

भुसावळकर_जुना :
दोनच वाक्यं, पण सहीसकट. 'कमी केलेल्या खोल्या पुन्हा विकल्या गेल्यास त्यांचे पैसे परत.' आणि मुदतीची तारीखच लिहा, "15 दिवस आधी" नको. दिवस पोचायच्या दिवसापासून मोजायचे की आदल्या दिवसापासून, यावरच भांडणं होतात. शिवाय लॉज चौदाचाच आहे, मालकाच्या रिकाम्या दोनच. त्यामुळे काकांनी चार सोडल्या आणि बाहेरच्या चार आल्या, तर दोन त्यांच्या धरता येतील.

निशा_धुळे :
आणि 24 तासांचं चेकआउट की दुपारी बाराचं, तेही विचारा. हळदीच्या दिवशी आमच्या नवरदेवाला बॅगेसकट बाहेर बसवलं होतं.

तापीकाठ :
मालकाला आत्ता फोन लावला. 3,600 चं म्हटल्यावर म्हणाला, रजिस्टर जुनं झालं, पुढच्या लग्नात बघू. घरात आता लग्नाचं कोणीच उरलं नाही, भाऊ!